लोणी नेमकं कुठे आहे?

पफ पेस्ट्रीला सहा साध्या घड्या घातल्या, तर लोण्याचे थर किती? पेस्ट्री शेफ होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या लेखी परीक्षेतला हा जुना, ठरलेला प्रश्न. उत्तर 729. बहुतेकांचं ते पाठ असतं. आयटीआयच्या ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ या ट्रेडची लेखी परीक्षा आता संगणकावर होते. तिथे चार पर्यायांत 729 दिसलं की बोट आपोआप तिकडे वळतं आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाला लागतो. मला मात्र या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. कागदावर तो जितका साधा दिसतो, तितका ओट्यावर नाही.

आधी हिशेब. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यात लोण्याची चपटी वडी ठेवून चारी बाजूंनी बंद करायची. वर कणीक, मधे लोणी, खाली कणीक. म्हणजे लोण्याचा थर एक. आता ही जाड पोळी लांब लाटून तिची पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची. लोण्याचे थर झाले तीन. कणकेचे मात्र सहा न होता चारच होतात, कारण घडीत जिथे कणकेला कणीक टेकते तिथे दोन पदर एकजीव होतात. पुन्हा लाटून घडी घातली की लोण्याचे नऊ, मग 27, 81, 243 आणि सहाव्या घडीला 729. कणकेचा थर दर वेळी लोण्यापेक्षा एकानेच जास्त, म्हणजे शेवटी 730. हा एकचा फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा लाडका आहे. ‘लोण्याचे थर’ विचारलेत की ‘कणकेचे’, हे न वाचणाऱ्यांचा गुण तिथेच जातो.

आता पट्टी हातात घेऊ. ही पेस्ट्री शेवटी लाटून 3 मिलिमीटरवर आणली, तर लोण्याचा एक आणि कणकेचा एक अशा जोडीच्या वाट्याला 3 भागिले 729, म्हणजे सुमारे 4 मायक्रॉन येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीचा साधा कागद 100 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे त्या कागदाच्या पंचविसाव्या हिश्शात लोणी आणि कणीक दोघांनी मावायचं.

गंमत पुढेच आहे. मैद्यात स्टार्चचे कण असतात आणि त्यांतले मोठे कण 20 ते 30 मायक्रॉन रुंद असतात. ते चपटे असतात हे खरं, पण आडवे पडले तरी 4 मायक्रॉनच्या जोडीत बसणं शक्य नाही. ज्या थरात त्या थराचाच एक कण मावत नाही, तो थर सलग राहणार कसा? तो राहतही नाही. शेवटच्या घड्यांमध्ये स्टार्चचे कण लोण्याच्या पापुद्र्यातून डोकं वर काढतात, पापुद्रा जागोजागी फाटतो आणि कणीक कणकेला भेटते. 729 हा घड्यांचा गुणाकार आहे, भाजलेल्या पेस्ट्रीत मोजता येणारे पापुद्रे नव्हेत. चार घड्यांवर थांबलं तर 81 थर होतात आणि जोडीच्या वाट्याला 37 मायक्रॉन येतात. तिथे कण जेमतेम मावतात. अनेक कसलेले बेकर चार-पाच घड्यांवर का थांबतात, ते यातून कळतं. क्रोसाँला तर तीनच घड्या, 27 थर. त्यात यीस्ट असतं, कणकेच्या पदराला आतून फुगायला जाडी लागते. घड्या वाढवल्या की क्रोसाँचा पाव होतो.

हा झाला एका पेस्ट्रीचा हिशेब, पण अभ्यासक्रमात तिच्या जोडीला आणखी दोन आहेत. दादरच्या आयएचएमसारख्या संस्थांना नॅशनल कौन्सिलचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या पहिल्या वर्षात ‘पेस्ट्री’ या मथळ्याखाली शॉर्टक्रस्ट, लॅमिनेटेड आणि शू ही नावं एकापाठोपाठ येतात आणि लगेच खाली विषय येतो, ‘फरक’. मुलं या फरकाचा तक्ता करतात. साहित्य, कृती, तापमान, पदार्थ असे रकाने आखून तो भरतात. तक्ता चुकीचा नसतो, पण तो पाठ करावा लागतो. माझ्या मते या तिन्हींसाठी एकच प्रश्न विचारावा: भट्टीत जाताना लोणी नेमकं कुठे आहे? मूळ साहित्य तर तेच, मैदा, लोणी आणि पाणी. लॅमिनेटेडमध्ये लोणी कणकेच्या पदरांमध्ये वेगळं उभं असतं, शॉर्टक्रस्टमध्ये मैद्याच्या कणांना चिकटलेलं असतं आणि शूमध्ये आधीच वितळून पाण्यात गेलेलं असतं. रकान्यातलं बाकी सगळं याच्यावरून काढता येतं.

लॅमिनेटेडपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्या रोजच्या ओळखीची आहे. नाशिकच्या कुठल्याही बेकरीत काचेच्या बरणीत जी खारी दिसते, ती लॅमिनेटेड पेस्ट्रीच. आधी फुलवून मग मंद आचेवर आतपर्यंत सुकवलेली, म्हणून आठवडाभर कुरकुरीत राहते. खारी फुलते कशाने, असं विचारलं की पाठ उत्तर येतं: लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. हे उत्तर अर्धंच आहे. एक साधी कृती घेऊन बघू. 500 ग्रॅम मैदा, त्यात चोळायला 50 ग्रॅम लोणी, 250 मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, थोडा लिंबाचा रस आणि थरांसाठी 400 ग्रॅम लोणी. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं, म्हणजे थरांच्या लोण्यातून आलं 64 ग्रॅम. कणकेत मात्र आपण 250 ग्रॅम ओतलंय, शिवाय मैद्यात मुळातच 60 ग्रॅमच्या आसपास ओल असते. वाफेचा मोठा साठा कणकेतच आहे. याचा रोकडा पुरावा बेकरीतच मिळतो. बहुतेक खारी लोण्याची नसतेच, ती वनस्पतीची किंवा पेस्ट्री मार्गारीनची असते. वनस्पतीत पाणी जवळजवळ शून्य, तरी खारी फुलते.

मग लोण्याचं काम काय? अडवायचं. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती दीड लिटरहून जास्त जागा मागते. कणकेच्या पदरातून निघालेली ही वाफ वरच्या लोण्याच्या पदराशी अडते, सहजी आरपार जात नाही, म्हणून पदरच उचलते. तेवढ्यात लोणी वितळून कणकेत मुरतं, कणकेचा पदर त्या तुपात तळल्यासारखा कडक होतो आणि उचललेला तसाच राहतो. म्हणून भट्टी सुरुवातीला चांगली तापलेली, 220 अंशांच्या पुढेमागे हवी. मंद भट्टीत लोणी आधी वितळून जातं, वाफ मागून येते आणि तिला अडवायला कुणी उरत नाही.

आता नाशिकचा मे महिना. दुपारी पारा चाळिशीला टेकतो. लाटताना लोणी मेणासारखं वाकलं पाहिजे, आणि ते तसं वाकतं 13 ते 16 अंशांच्या दरम्यान. विशीच्या पुढे ते ओघळायला लागतं, तिशीच्या थोडं पुढे पूर्ण वितळतं. हिवाळ्यात उलटी अडचण. निफाडच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. अशा सकाळी ओट्यावरचं लोणी लाटण्याखाली वाकायच्या ऐवजी तुटतं. कारखान्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे पेस्ट्री मार्गारीन. ते उन्हाळ्यातही वाकतं, वितळतं चाळिशीच्या वर. पण तोंडाचं तापमान 37, म्हणून ते टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. घटकांच्या यादीवर बोट न ठेवता खारी लोण्याची की मार्गारीनची, हे जिभेनेच ओळखता येतं. जुनी वनस्पती हे काम स्वस्तात करायची, पण ट्रान्स फॅटपायी तिच्यावर गदा आली. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे.

परीक्षेत यावर येतो तो दोष ओळखण्याचा प्रश्न. माझ्या मते अख्ख्या प्रश्नपत्रिकेत खरा कस लावणारा तोच. समजा प्रश्न असा आहे: खारी फुलली नाही, कारण सांगा. आधी ट्रे बघायचा. ट्रेमध्ये तुपाचं तळं साचलंय आणि खारी चपटी, बिस्किटासारखी घट्ट झाली असेल, तर लोणी लाटतानाच वितळून कणकेत शिरलं होतं, किंवा भट्टी थंड होती. ट्रे कोरडा आहे, पण खारी एका ठिकाणी उंच आणि शेजारी बसकी, तर लोणी जास्त गार होतं. लाटण्याखाली त्याचे तुकडे झाले, तुकडा होता तिथे थर सुटला आणि नव्हता तिथे कणीक जोडली गेली. हे लाटतानाही दिसतं, पोळीखाली पिवळे ठिपके वेगवेगळे उमटतात. चौकोनी कापलेली पेस्ट्री भाजून आखडली, लांबुळकी झाली, तर दोन घड्यांमध्ये तिला विसावा मिळाला नव्हता, ग्लुटेन ताणलेलंच राहिलं. दर घडीनंतर फ्रिजमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवायची ती एवढ्यासाठी. लिंबाचा रसही त्याचसाठी, आंबटपणाने ग्लुटेन जरा सैलावतं आणि पोळी मुकाट्याने लांब होते.

आणि एक दोष मला फार आवडतो. तीन बाजू सुरेख फुलल्या, चौथी दबलेली. भट्टीला दोष द्यायचा मोह होतो. खरा गुन्हेगार असतो तो ब्रश. वरून लावलेलं अंडं कापलेल्या कडेवरून ओघळलं, भट्टीत शिजलं आणि त्याने सगळे थर कडेला शिवून टाकले. बोथट सुरीही हेच करते, कापायच्या ऐवजी थर दाबून एकमेकांना चिकटवते.

शॉर्टक्रस्टला वाफ नकोच असते. इथे लोणी मैद्यात चोळायचं, प्रमाण दोनाला एक: 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम लोणी आणि नंतर गार पाणी फक्त 35-40 मिलिलिटर. मैद्यातली प्रथिनं पाण्याला भेटली आणि मळली गेली की ग्लुटेनची जाळी तयार होते, पदार्थ चिवट होतो. लोणी मैद्याच्या कणांवर बसून पाण्याला वाटेतच अडवतं, जाळीचे धागे लांब होऊ देत नाही. म्हणून तो तुकडा दातांखाली ओढला न जाता मोडतो. दिवाळीत करंजीच्या, शंकरपाळ्याच्या पिठाला आपण मोहन घालतो ते हेच काम. मोहन पुरेसं झालं का, हे बघायची आपली रीतही हुबेहूब लागू पडते. चोळलेलं पीठ मुठीत दाबायचं. मुटका वळला पाहिजे, आणि अंगठ्याने टोकरला की लगेच विखुरला पाहिजे. वळलाच नाही तर लोणी कमी. विखुरला नाही, चकचकीत राहिला, तर लोणी वितळलं.

फरक आहे तो तापमानात. आपलं मोहन कडकडीत, पेस्ट्रीतलं लोणी थंडगार. कडकडीत तूप मैद्यात सगळीकडे एकसारखं पसरतं, कण न् कण माखतो, म्हणून शंकरपाळं भुसभुशीत, खुसखुशीत होतं. गार लोणी कुठे थांबवायचं हे मात्र आपल्या हातात असतं. रव्यासारखं बारीक चोळलं तर कवच खुसखुशीत होतं आणि रस सहसा शोषत नाही, म्हणून टार्टच्या तळाला ते बरं. वाटाण्याएवढे खडे ठेवले तर ते लाटताना चपटे होतात आणि अधूनमधून पापुद्रे सुटतात, ते पायच्या वरच्या झाकणाला शोभतं. म्हणजे लॅमिनेटेड आणि शॉर्टक्रस्ट यांच्यात भिंत नाही, उतार आहे. लोण्याचा तुकडा जितका मोठा ठेवाल तितके तुम्ही खारीकडे सरकता. रफ पफ नावाची पेस्ट्री या उताराच्या मधोमध बसते: लोण्याचे ठसठशीत तुकडे कणकेत तसेच ठेवून घड्या घालायच्या. तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना काढतात, पण ती मुळात याच रेषेवरचा एक थांबा आहे.

टार्टच्या रिकाम्या कवचाला काट्याने भोकं पाडतात, वर कागद घालून सुके राजमे नाहीतर छोले पसरतात, आणि 180-190 अंशांवर भाजतात. भोकांतून वाफ निघून जाते, छोल्यांच्या वजनाने तळ फुगत नाही आणि बाजू घसरत नाहीत. पंधरा मिनिटांनी छोले काढून तळ कोरडा होईपर्यंत आणखी भाजायचं. एवढी सगळी धडपड कशासाठी, तर खारीत जी वाफ आपण कष्टाने कोंडली, तीच इथून हाकलायला.

राहिली शू, एक्लेअर आणि प्रॉफिटरोलची. तिघींत मला खरं चकित करते ती हीच. कृती बघा. 250 मिलिलिटर पाणी, 100 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम मैदा, चार अंडी. लोण्याचे बारीक तुकडे करून पाण्यात घालायचे, म्हणजे पाणी उकळेपर्यंत ते पूर्ण वितळतात. मोठा तुकडा टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत राहतं, उडून जातं आणि प्रमाण बिघडतं. उकळी आली की मैदा सगळा एकदम ओतायचा, लाकडी उलथन्याने घोटायचं, गोळा कडा सोडतो आणि पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरतो तोवर. उकडीच्या मोदकांची उकड काढणाऱ्यांना हे हात वेगळे शिकवावे लागत नाहीत. मग गोळा साठ अंशांच्या खाली आणून एकेक अंडं.

आता पाण्याचा हिशेब करू. अंड्यांत साधारण पाऊण भाग पाणी, म्हणजे चार अंड्यांतून 150 ग्रॅम. मूळचं 250. घोटताना थोडं उडालं तरी दीडशे ग्रॅम मैद्याला चारशेच्या घरात पाणी. तेवढ्या पिठाची पोळीची कणीक शंभर मिलिलिटरमध्ये होते. चारशे मिलिलिटर गार पाणी मैद्यात घातलं असतं तर धिरड्याचं पीठ झालं असतं. इथे मात्र ते पिशवीतून दाबून ट्रेवर बोटासारखं उभं राहतं. कारण उकळत्या पाण्यात स्टार्चचे कण फुगले, फुटले आणि त्यांनी पाणी धरून ठेवलं. पफच्या कोड्यात जो कण थरात मावत नव्हता, तोच इथे पाण्याची टाकी झाला.

भट्टीत या टाकीतून वाफ निघते. इथे ती पदरापदरांत अडकत नाही, मधे एकत्र येते आणि भोवतीची भिंत ढकलत नेते. भिंत फाटत नाही, कारण ती फुगलेल्या स्टार्चची आणि अंड्याची आहे. ती ताणली जाते आणि मग अंड्यातली प्रथिनं गोठून तिला जागेवर पक्की करतात. म्हणून आत एकच मोठी पोकळी, आणि त्या पोकळीसाठी बेकिंग पावडरचा कणही लागत नाही. शूचे दोष याच क्रमातून ओळखता येतात. ट्रेवर पसरली, तर अंडं जास्त झालं किंवा गोळा नीट सुकवला नाही. फुगलीच नाही, तर अंडं कमी. फुगली आणि भट्टीबाहेर येताच खाली बसली, तर भिंत आतून अजून ओली होती. बाहेर आली, आतली वाफ निवून तिचं पाणी झालं आणि ओली भिंत आत ओढली गेली. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, आणि फुगल्यावर आच 180 वर आणून सुकवायचं, ते यासाठी. शेवटी बुडाला भोक पाडतात, म्हणजे उरलेली वाफ निघून जाते.

‘चार अंडी’ हा आकडा मात्र कधीच पक्का नसतो. तळाचा पापुद्रा किती वेळ ठेवलात, मैदा किती कोरडा होता, अंडी केवढी होती, यावर चौथं अंडं पूर्ण लागेल की अर्धं, हे ठरतं. म्हणून चौथं फेटून थोडं थोडं घालायचं. उलथन्यावरून मिश्रण सावकाश खाली लोंबलं आणि टोकाला त्रिकोणी पदर राहिला की थांबायचं. पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत हे विचारता येत नाही. तिथे ‘चार’ हेच उत्तर.

एक प्रश्न मला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत दिसला नाही, पण नाशिकच्या बेकरीत तो रोज उभा असतो. ‘एगलेस’ची पाटी लावलेल्या दुकानात खारी मिळते, नानखटाई मिळते, शॉर्टक्रस्टची टार्टही मिळते. एक्लेअर सहसा मिळत नाही. खारीत आणि टार्टमध्ये अंड्याला मुळात जागा नव्हती, गोड टार्टमध्ये थोडी असली तरी ती दुधाने निभावते. शूमध्ये अंडं तीन कामं एकटं करतं: वाफेसाठी पाणी आणतं, भिंत ताणू देतं आणि नंतर गोठून ती उभी ठेवतं. पाणी दुधाने भागेल, ताण थोडाफार स्टार्चने भागेल. पण ऐन 70-80 अंशांवर, वाफ जोर धरत असताना गोठून घट्ट होणारं दुसरं काही आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवर नाही. बिनअंड्याच्या कृती आहेत, त्यांत बेकिंग पावडर घालून फुगवटा आणतात. कापून बघितलं की आत एक मोठी पोकळी नसते, पावासारखी बारीक भोकं असतात. क्रीम भरायला सुरीने चीर द्यावी लागते.